दूध किती तापवावे आणि किती वेळ? पाश्चरायझेशनचे आकडे ठरतात कसे

पुण्यात सकाळी दारात येणारी दुधाची पिशवी कोणत्याही डेअरीची असो, तिच्यावर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द छापलेला असतोच. पण ते दूध नेमके किती अंशांपर्यंत आणि किती वेळ तापवले होते, हे मात्र त्यावर लिहिलेले नसते. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार दुधाचा प्रत्येक कण किमान ६३ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे किंवा किमान ७१.५ अंशांना १५ सेकंद राहिला पाहिजे आणि त्यानंतर ते दूध लगेच ४ अंशांपर्यंत किंवा त्याखाली थंड झाले पाहिजे. पहिली पद्धत व्हॅटची, म्हणजे दुहेरी भिंतीच्या टाकीत एकेक बॅच तापवण्याची; दुसरी प्लेटच्या यंत्राची, ज्यात दूध वाहता वाहताच तापते. प्रत्यक्षात प्लेटच्या यंत्रावर ७२ अंश किंवा त्याहून थोडे अधिक ठेवतात, म्हणून पुढे ६३ आणि ७२ हीच जोडी धरली आहे.

अर्धा तास आणि पाव मिनिट यांच्यात १२० पटींचा फरक आहे, आणि तरीही दोन्हींचा परिणाम सारखा मानला जातो. हे कसे, ते एकदा समजले की कोणत्या मांडणीत कोणता जंतू मरतो आणि कोणता टिकतो, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. शिवाय छोट्या डेअरीत पाश्चरायझेशन नेमके कुठे फसते, तेही त्यातूनच कळते.

जंतू उष्णतेने मरतात, पण सगळे एकाच क्षणी मरत नाहीत. ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ गेला की दहातले नऊ मरतात आणि एक उरतो. तेवढाच वेळ आणखी गेला की त्या उरलेल्यांतले पुन्हा दहातले नऊ मरतात. म्हणजे १ लाखाचे १० हजार, १० हजारांचे १ हजार, अशी ही उतरण असते. ती शून्यापर्यंत कधीच पोहोचत नाही, म्हणून ‘पाश्चराइज्ड’ याचा अर्थ ‘निर्जंतुक’ असा होत नाही. किती पायऱ्या उतरायच्या, हे माणसाने ठरवायचे असते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने दुधासाठी अशा किमान पाच पायऱ्यांचे लक्ष्य ठेवले आहे, म्हणजे लाखातला एकच जंतू शिल्लक राहावा. हे लक्ष्य सरसकट सगळ्या जंतूंसाठी मोजले जात नाही. बीजाणू, म्हणजे जाड कवचातले सुप्त रूप, न करणाऱ्या रोगजंतूंमध्ये जो उष्णतेला सर्वांत चिवट, त्याच्यासाठी ते मोजतात. तो या मापात बसला की त्याच्यापेक्षा नाजूक असलेले बाकीचे आपोआप बसतात.

हा सर्वांत चिवट कोण, याचे उत्तर एकदा बदललेले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुधातून माणसाला होणारा क्षय ही मोठी चिंता होती, त्यामुळे गोवंशातील क्षयाचा जंतू मायकोबॅक्टेरियम बोव्हिस मरेल अशा बेताने तापमान आणि वेळ ठरवले गेले होते. अमेरिकेत त्या काळी १४३ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ६१.७ अंश सेल्सिअस, ३० मिनिटे अशी मांडणी रूढ होती. पुढे क्यू फीवर नावाच्या तापाचा जंतू, कॉक्सिएला बर्नेटी, गाई-शेळ्यांच्या दुधात सापडू लागला आणि १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत असे दिसले की दुधात त्याची संख्या जास्त असेल तर १४३ अंशांना अर्धा तास राहूनही त्यातले काही जिवंत उरू शकतात. म्हणून व्हॅटची मर्यादा १४५ अंश फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ६२.८ अंश सेल्सिअसपर्यंत, वाढवण्यात आली. आज आपण जे ६३ म्हणतो ते हेच. प्लेटच्या यंत्राची १५ सेकंदांची मांडणी मात्र त्या जंतूलाही पुरेशी ठरली, म्हणून ती बदलावी लागली नाही. जेमतेम एका अंशासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण या विषयात एक अंश ही लहान गोष्ट नाही.

तापमान वाढले की जंतू मरण्याचा वेग सरळ चढत्या रेषेत न वाढता पटीत वाढतो. ६३ वरून ७२ वर गेले तर ९ अंश वाढले आणि लागणारा वेळ १८०० सेकंदांवरून १५ सेकंदांवर आला, म्हणजे १२० पट घटला. यावरून हिशेब केला तर सुमारे ४.३ अंश वाढले की लागणारा वेळ दहापट कमी होतो, असे उत्तर येते. कॉक्सिएलावरील मोजणीही साधारण याच आकड्याच्या आसपास आहे, म्हणून या दोन मांडण्या एकमेकींच्या जोडीदार ठरल्या. सूत्राच्या रूपात ते असे:

```
t = 30 × 10^((63 − T) / 4.3)
```

यात T म्हणजे अंश सेल्सिअसमधील तापमान आणि t म्हणजे मिनिटे. ६५ अंशांना हे सूत्र सुमारे १० मिनिटे सांगते आणि ६६ अंशांना सुमारे ६. याचा उपयोग समजून घेण्यापुरताच करावा; ६६ अंशांना ६ मिनिटे असा आपला नवा नियम डेअरीत कोणी सुरू करू नये, कारण व्हॅटमधले दूध एका क्षणात तापत नाही आणि कायद्यालाही मान्य झालेलीच जोडी हवी असते. सूत्राचे खरे काम उलट दिशेने आहे: तापमान चुकून कमी पडले तर आपण किती गमावतो, हे ते सांगते. एक अंश कमी पडला तर तोच परिणाम साधायला १.७ पट वेळ लागतो, दोन अंश कमी पडले तर २.९ पट. घड्याळात पाच मिनिटे कमी भरली तर अर्ध्या तासातला सहावा हिस्सा गेला. थर्मामीटर दोन अंशांनी फसवत असेल, तर दोन तृतीयांश काम गेले. मला विचाराल तर छोट्या डेअऱ्यांमध्ये घड्याळावर जेवढे लक्ष असते त्याच्या निम्मेही थर्मामीटरवर नसते, आणि हे नेमके उलट हवे.

आता मरते कोण, ते पाहू. सर्वांत आधी जातात कॅम्पिलोबॅक्टर आणि ब्रुसेला. ज्या गोठ्यात गाई-म्हशी सांसर्गिक गर्भपाताने गाभ टाकतात तिथल्या धारोष्ण दुधातून माणसाला महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप जडू शकतो, तो याच ब्रुसेलामुळे. असे दूध ६३ अंशांना अर्धा तास ठेवले तर त्या जंतूला पुरून उरेल इतकी उष्णता मिळते. त्याच्या मागोमाग साल्मोनेला आणि आतड्यांना घातक असलेले ई. कोलायचे प्रकार जातात. क्षयाचा जंतू आणि लिस्टेरिया त्यांच्यापेक्षा चिवट, पण तेही मर्यादेच्या आत. लिस्टेरियाची खरी भीती पुढेच आहे: तो फ्रिजच्या तापमानातही वाढतो, म्हणून पाश्चरायझेशनमध्ये तो नीट मेला तरी नंतर पिशव्या भरताना ओल्या फरशीवरून किंवा यंत्राच्या एखाद्या सांदीतून परत शिरला, तर थंड ठेवलेल्या दुधातही त्याला अटकाव राहत नाही. या सगळ्यांच्या वर कॉक्सिएला उभा आहे आणि रेषा त्याच्यावरच आखलेली आहे.

रेषेच्या अगदी काठावर आणखी एक जंतू आहे, ज्याच्यामुळे जनावरांना जोन्स रोग होतो. त्याचे पेशींचे पुंजके होतात आणि ७२ अंशांना १५ सेकंद दिल्यावरही क्वचित त्यातला एखादा वाचल्याचे आढळले आहे. माणसाच्या आजाराशी त्याचा संबंध अजून वादाचा आहे, तरी खबरदारी म्हणून ब्रिटनमधील अनेक डेअऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस १५ सेकंदांचे २५ सेकंद केले. तापमान तेच ठेवून वेळ वाढवण्यामागे साधा विचार होता: दुधाची चव बदलू नये.

उरते ते तीन प्रकारचे. पहिले म्हणजे उष्णता सोसणारे पण सहसा रोग न करणारे जिवाणू. एन्टेरोकोकस, मायक्रोबॅक्टेरियम ही त्यांतली नावे. त्यांच्यामुळे दूध आंबते, नासते, पण माणूस सहसा आजारी पडत नाही. अशांची संख्या दुधात खूप दिसली तर बहुतेक वेळा दोष तापमानात नसून नीट न धुतलेल्या कॅन, पाइप आणि दूध काढण्याच्या यंत्राच्या रबरांत असतो. दुसरे बीजाणू. बॅसिलस सेरियससारखे जिवाणू प्रतिकूल काळात जाड कवचाचे बीजाणू करतात, आणि ६३ किंवा ७२ अंशांनी त्यांना काहीही होत नाही. घरात दूध उतू जाईपर्यंत उकळले तरी त्यातले बरेच टिकतात. तिसरे म्हणजे जिवंत नसलेलेच पदार्थ. कच्चे दूध उन्हात तासन्‌तास पडून स्टॅफिलोकोकसने त्यात विष सोडले असेल, तर पाश्चरायझेशनने जंतू मरतो पण ते विष शाबूत राहते, आणि उकळूनही जात नाही. बुरशी लागलेल्या पेंडेतून दुधात उतरलेले अफ्लाटॉक्सिनही तसेच. थोडक्यात, तापवण्याआधी जे बिघडले ते तापवून सुधारत नाही, आणि दूध गोठ्यापासून व्हॅटपर्यंत किती वेळ कोमट राहिले याचा जाब कोणतेही तापमान देऊ शकत नाही.

मग तापमानच ८० अंशांवर का नेऊ नये? हा प्रश्न नवे डेअरीवाले हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर थोडे चमत्कारिक आहे. ७५ अंशांच्या पुढे दुधाला शिजल्याचा वास येऊ लागतो, हा एक भाग. दुसरा भाग असा की ८० अंशांनीही बीजाणू मरत नाहीत, उलट त्यांतल्या काहींना ती उष्णता जागे होण्याचा इशाराच ठरते. शिवाय त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जिवाणू मेलेले असतात, आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज हे दुधातले नैसर्गिक जंतुरोधक विकरही, जे ७२ अंशांना टिकते, ८० च्या आसपास नष्ट होते. त्यामुळे जास्त तापवलेले दूध फ्रिजमध्ये उलट लवकर खराब झाल्याचे दिसून आले आहे. मधल्या कुठल्यातरी आकड्यावर थांबून फायदा नाही, असा याचा अर्थ. रोगजंतूंसाठी ७२ पुरेसे आहे. बीजाणूही मारायचे असतील तर एकदम १३५ अंशांच्या पुढे काही सेकंद जावे लागते आणि दूध निर्जंतुक खोक्यात भरावे लागते. ते यूएचटी दूध, महिनोन्महिने फ्रिजबाहेर टिकणारे, आणि ते वेगळ्याच यंत्राचे काम आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, मावळातल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून २०० लिटरचा व्हॅट घेतला आहे. गाईचे दूध तापवून, थंड करून, बाटल्यांत भरून ते पुण्यात कोथरूड-बाणेरला घरपोच द्यायचे आहे. एवढ्या दुधासाठी प्लेटचे यंत्र महाग पडते, आणि काही मिनिटेच चालून ते बंद करावे लागते. तेव्हा ६३ अंश, ३० मिनिटे हीच त्यांची योग्य निवड. व्हॅटवर तबकडीचा थर्मामीटर आहे. तो बरोबर दाखवतो का, हे पाहायला त्यांच्यातला एकजण त्याचा दांडा उकळत्या पाण्यात धरतो. काटा ९८ दाखवतो. पाणी १०० ला उकळते हे शाळेत शिकल्यामुळे तो मागचा स्क्रू फिरवून काटा १०० वर आणतो आणि थर्मामीटर दुरुस्त केला असे समजतो.

वस्तुतः थर्मामीटर आधी बरोबर होता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, मावळही त्याच्याच आगेमागे, आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. त्या ‘दुरुस्ती’नंतर काटा दोन अंश जास्त दाखवू लागला. म्हणजे काटा ६३ वर असताना दूध असते ६१ अंशांवर. अर्धा तास भरला, नोंदवहीत ६३ लिहिले गेले, सगळे नियमानुसार झाले असे दिसते. पण वरच्या सूत्राने पाहिले तर ६१ अंशांची ३० मिनिटे म्हणजे ६३ अंशांची जेमतेम १० मिनिटे. ३० मिनिटांत पाच पायऱ्या उतरायच्या असतील तर १० मिनिटांत पावणेदोन पायऱ्याही उतरत नाहीत. १ लाख कॉक्सिएलांपैकी एक उरायला हवा होता, तिथे सुमारे २ हजार उरतात. १९५० च्या दशकात ज्या मांडणीला अपुरी म्हणून बाद केले, त्याहूनही ही खाली गेली.

हा दोष दुधाच्या रंगात, वासात किंवा चवीत कळत नाही. दूध आठवडाभर तक्रारीविना विकले जाऊ शकते, कारण नासवणारे बहुतेक जंतू ६१ अंशांनाही बऱ्यापैकी मरतात. गोठ्यात रोगी जनावर आले तरच फरक पडतो. म्हणून थर्मामीटर उकळत्या पाण्यावर तपासायचा असेल तर आपल्या गावाच्या उंचीचा उत्कलनबिंदू आधी काढावा. त्याहून चांगले म्हणजे बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांच्या घट्ट काल्यात शून्य तपासावे, कारण ते उंचीने बदलत नाही. आणि सर्वांत चांगले म्हणजे प्रमाणित थर्मामीटरशेजारी दोन्ही ६३ अंशांच्या पाण्यातच ताडून पाहावेत, कारण ज्या आकड्यावर काम करायचे तिथेच तो खरा असायला हवा.

थर्मामीटर खरा असला तरी व्हॅटमध्ये दोन जागा थंड राहू शकतात. एक म्हणजे फेस. दूध ढवळताना वर जो फेस धरतो तो हवेने भरलेला असल्यामुळे खालच्या दुधाइतका तापत नाही, आणि त्यात अडकलेले जंतू बाटली भरताना दुधाबरोबरच येतात. म्हणून झाकण बंद ठेवून दुधावरची हवा वाफेने तापवतात, आणि ती दुधाच्या किमान तापमानापेक्षा साधारण ३ अंश अधिक आहे हे दाखवणारा वेगळा थर्मामीटर वर बसवतात. दुसरी जागा खालच्या तोटीची. व्हॅटचा व्हॉल्व्ह टाकीला लगटून नसेल आणि मध्ये वीतभर पाइप असेल, तर त्या पाइपात बसलेले दूध ढवळले जात नाही, तापतही नाही, आणि बाटल्या भरायला घेतल्या की पहिल्यांदा तेच कच्चे दूध बाहेर येते. २०० लिटरमध्ये अर्धा लिटर कच्चे दूध मिसळले तर काय मोठेसे, असे म्हणून चालत नाही, कारण इथे आपण लाखातला एक असा हिशेब करत आहोत. व्हॉल्व्हची बैठक टाकीच्या तळाशीच असावी, आणि ते शक्य नसेल तर तेवढे दूध काढून पुन्हा वरून व्हॅटमध्ये ओतून मगच वेळ मोजायला सुरुवात करावी. दूध ६३ पर्यंत चढायला लागलेला वेळ अर्ध्या तासात धरायचा नाही, हे ओघानेच आले. तापमान मध्येच ६३ च्या खाली घसरले तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

पुढे या गटाचे दूध वाढले आणि त्यांनी तासाला १००० लिटरचे प्लेटचे यंत्र घेतले, तर प्रश्नाचे रूप बदलते. तिथे वेळ घड्याळाने नव्हे, पाइपच्या लांबीने ठरतो. तापलेले दूध ज्या होल्डिंग ट्यूबमधून जाते ती इतकी लांब हवी की सर्वांत घाईने जाणारा थेंबही १५ सेकंद आत राहील, आणि पाइपच्या मध्यातले दूध कडेच्या दुधापेक्षा वेगाने धावते. तासाला १००० लिटर म्हणजे १५ सेकंदांत ४.२ लिटर; पण मध्यातल्या घाईसाठी ट्यूबच्या मापातले साधारण १५ टक्के हातचे राखून धरले तर ट्यूबमध्ये सुमारे ४.९ लिटर दूध मावायला हवे. उद्या कोणी पंपाचा वेग वाढवून तासाला १२५० लिटर काढू लागला, तर ट्यूब तीच असल्याने १५ सेकंदांचे १२ होतात आणि पाचवा हिस्सा जातो. म्हणून पंपाचा वेग ठरवून सील करतात. ट्यूबच्या शेवटी तापमान मोजणारा सेन्सर असतो. ते ठरलेल्या आकड्याखाली गेले की वळण व्हॉल्व्ह दूध आपोआप मागे कच्च्या दुधाच्या टाकीत पाठवतो. तो व्हॉल्व्ह सारखा उघडतो म्हणून ऑपरेटरने त्याला बांधून ठेवल्याचे प्रकार घडतात. त्यापेक्षा यंत्र नसलेले बरे.

या सगळ्याची पडताळणी करायला जंतू मोजत बसावे लागत नाही. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे विकर असते आणि ते कॉक्सिएलापेक्षा किंचित अधिक उष्णता सोसते, म्हणजे ते मेले तर रोगजंतू त्याच्या आधीच मेले असणार. परीक्षानळीत ५ मिलिलिटर ठरावीक द्रावण आणि १ मिलिलिटर दूध घालून ३७ अंशांना दोन तास ठेवतात; सोबत त्याच दुधाचा उकळून गार केलेला नमुना तुलनेसाठी असतो. विकर जिवंत असेल तर पिवळा रंग उमटतो. ही चाचणी इतकी तीक्ष्ण आहे की नीट तापवलेल्या दुधात अगदी थोडे कच्चे दूध मिसळले तरी ती ते दाखवू शकते, त्यामुळे मावळच्या व्हॅटचा चुकलेला थर्मामीटर आणि तोटीतले कच्चे दूध, दोन्ही तिच्यात पकडले जातात. नंतर बाटलीतून किंवा हातातून शिरलेला जंतू मात्र तिला दिसत नाही, आणि शेळीच्या दुधात हे विकर मुळातच गाईच्या दुधापेक्षा खूप कमी असल्याने तिथे ‘रंग आला नाही’ एवढ्यावर विसंबता येत नाही; शेळीचे दूध विकणाऱ्याला तापमानाच्या नोंदीच जपाव्या लागतात.

शेवटी राहिले ते गोड आणि दाट दुधाचे. कोजागरीला मसाला दुधाच्या बाटल्या काढायचा मोह पुण्याला दूध पुरवणाऱ्या प्रत्येकाला होतो, आणि साखर व बदामाची पूड घातलेले तेच दूध त्याच ६३ अंशांना ठेवले जाते. साखर, स्निग्धांश आणि घन पदार्थ वाढले की जंतूभोवतीचे पाणी कमी होते आणि तो उष्णता अधिक वेळ सोसतो. म्हणून अमेरिकेच्या नियमावलीत साखर घातलेल्या, १० टक्के किंवा अधिक स्निग्धांश असलेल्या किंवा १८ टक्के किंवा अधिक घन पदार्थ असलेल्या दुधासाठी दोन्ही मांडण्यांचे तापमान ३ अंशांनी वाढवायला सांगितले आहे: व्हॅटमध्ये ६६ अंश ३० मिनिटे, प्लेटवर ७५ अंश १५ सेकंद. साध्या दुधाच्या हिशेबाने ही वाढ जवळजवळ पाचपट आहे. म्हशीचे ७ टक्क्यांचे साधे दूध या नियमात येत नाही, मलई आणि मसाला दूध येते. मसाल्याची पूड व साखर तापवण्याआधीच घालावी. पाश्चराइज केलेल्या थंड दुधात वरून घातलेल्या पुडीबरोबर जे जंतू येतात त्यांना पुढे कोणतीच उष्णता भेटत नाही.